टमाटर कच्चं, उकळलेलं की तेलात परतलेलं: लायकोपीन अंगी लागतं कशाने?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं. म्हणून मी टमाटर नुसत्या पाण्यात उकळते, चहाच्या गाळणीने गाळते आणि ते सूप त्यांना देते, तेलाचा थेंब नाही. सासूबाई म्हणतात टमाटर कच्चंच खावं, शिजवलं की सारं सत्त्व जातं. मोबाईलवर ऐकलं की लायकोपीन शिजवलेल्यातूनच जास्त मिळतं, तेही तेलासोबत. खरं कोणाचं?

ताई, सासूबाईंचं निम्मं खरं आहे, मोबाईलवर ऐकलेलंही बरंचसं खरं आहे. अडचण आहे ती तुमच्या गाळणीत. सूप गाळून झालं की गाळणीत काय उरतं ते आठवा. लाल चोथा आणि गुंडाळी झालेली सालं. तो लाल रंग म्हणजेच लायकोपीन. तुम्ही तो गाळणीत ठेवता आणि खालचं पाणी मिस्टरांना देता. गावोगावच्या आहारसल्ल्यात मला हे नेहमी दिसतं. 'हलकं' म्हणून जे दिलं जातं, त्यात ज्यासाठी ते दिलं तेच नसतं.

घरीच बघायचं असेल तर दोन पिकलेली टमाटरं पाण्यात मऊ होईपर्यंत उकळा, घोटा आणि धुतलेल्या सुती कपड्यातून न पिळता गाळा. खाली येणारं पाणी फिकट पिवळसर असतं, लाल सगळं कपड्यावर राहतं. पिळून काढलं तर पाणी लालसर येईल, पण तो विरघळलेला रंग नव्हे, गराचे बारीक कण आहेत. काचेच्या ग्लासात काही तास ठेवलं तर ते तळाशी बसतात. आता कपड्यावरचा तोच लाल गर चमचाभर तेलात मंद आचेवर परता. हळद नाही, तिखट नाही, फक्त तेल आणि गर. थोड्या वेळात कडेने सुटलेलं तेल केशरी दिसायला लागतं. पाण्याने जे सोडवलं नाही ते तेलाने सोडवलं. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता कच्च्याचं काय होतं ते सांगते. टमाटरात लायकोपीन रसात मोकळं तरंगत नसतं. गराच्या प्रत्येक पेशीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांच्या आत ते कणीदार स्फटिकाच्या रूपात बसलेलं असतं. पिशवीला पापुद्रा आहे, पेशीला जाड भिंत आहे, भिंतीत सेल्युलोज आणि पेक्टिन आहे. आपल्या आतड्यात सेल्युलोज पचवायची सोयच नाही. दातांनी चावून काही पेशी फुटतात, पण पुष्कळ पेशी शाबूत राहून जशा आल्या तशा पुढे निघून जातात. म्हणजे ताटात लायकोपीन भरपूर असतं, पण रक्तात थोडंच पोचतं.

शिजवलं की पेक्टिन विरघळायला लागतं. म्हणून तर टमाटर मऊ पडतं आणि साल सुटतं. पेशी एकमेकींपासून सुटतात, भिंती सैल होतात, आतल्या पिशव्यांचे पापुद्रे फाटतात. वर तुम्ही डावाने घोटलं की उरलेल्याही फुटतात. इथे एक गैरसमज काढून टाकते. शिजवल्याने लायकोपीन नव्याने तयार होत नाही. आधी होतं तेवढंच असतं, किंबहुना थोडं कमीच होतं, फक्त आतून बाहेर येतं. 'शिजवल्यावर वाढतं' असं जे म्हणतात, त्याचा अर्थ हाती लागणारं वाढतं इतकाच.

दुसरा एक बदल रेणूच्या आकारात होतो. कच्च्या टमाटरातलं बहुतेक लायकोपीन सरळ, लांबट रेणूंचं असतं, त्याला ट्रान्स म्हणतात. तुरीच्या सरळ तुराट्या कशा एकमेकींना चिकटून घट्ट पेंढी बांधली जाते, तसे हे रेणू एकमेकांना लागून स्फटिक होतात आणि सुटे व्हायला नाराज असतात. उष्णतेने त्यातल्या काही रेणूंना बाक येतो, तो सिस प्रकार. वाकडे रेणू घट्ट रचले जात नाहीत, म्हणून ते तेलात आणि पित्तरसात लवकर मिसळतात. माणसाच्या रक्तात तपासलं तर निम्म्याहून जास्त लायकोपीन या वाकड्या प्रकारचं सापडतं. पण घरच्या पंधरा-वीस मिनिटांच्या शिजवण्यात हा बदल बेताचाच होतो. तेल असेल आणि वेळ जास्त असेल तर तो वाढतो. जपानमधल्या प्रयोगांत असंही दिसलंय की कांदा-लसणासोबत गरम केलं की असा बाक जास्त रेणूंना येतो, कारण त्यांतले गंधकाचे पदार्थ मदत करतात. आपल्या फोडणीत दोन्ही असतातच. तरी रोजच्या स्वयंपाकात मोठा फायदा पेशी फुटण्याचा आहे, आकाराचा नंतर.

तेलाची गोष्ट इथून सुरू होते. तेल दोन ठिकाणी काम करतं, आणि लोक एकच धरतात.

पहिलं काम भांड्यात. फुटलेल्या पेशीतून बाहेर आलेलं लायकोपीन अजून कणीच्या रूपात असतं. उकळत्या पाण्याच्या उष्णतेने ही कणी वितळत नाही, तिला वितळायला 170 अंशांच्या वर जावं लागतं. पण गरम तेलात ती विरघळू शकते. म्हणून पाण्यात कितीही उकळा, कणी कणीच राहते. तेलात परतलं की तिचा काही भाग मोकळा होतो.

दुसरं काम आतड्यात, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं. आतड्याच्या आतल्या बाजूला पाण्याचा एक थर असतो आणि लायकोपीन एकट्याने तो ओलांडू शकत नाही. जेवणातला स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरला की पित्ताशय आकसतं आणि पित्त सोडतं. पित्त आणि पचलेली चरबी मिळून अतिसूक्ष्म गोळे बनतात, त्यांना मिसेल म्हणतात. त्या गोळ्यांत बसून लायकोपीन आतड्याच्या पेशीपर्यंत जातं. पलीकडे गेल्यावरही ते चरबीच्याच कणांत भरलं जातं आणि लसिका नावाच्या द्रवाच्या वाटेने रक्तात येतं. जेवणात तेल-तुपाचा अंशच नसेल तर पित्त कमी सुटतं, गोळे कमी बनतात, आणि छान शिजलेल्या टमाटरातलं लायकोपीनही वाया जातं.

शिजवणं आणि तेल यांत श्रेय कोणाचं किती, हे वेगळं करून दाखवणारे दोन प्रयोग आहेत. 1997 साली जर्मनीत त्याच त्या माणसांना एकदा ताजी टमाटरं दिली, एकदा टमाटर पेस्ट दिली. लायकोपीन दोन्हींत सारखंच, 23 मिलिग्रॅम, आणि सोबत मक्याचं तेलही सारखंच, 15 ग्रॅम. म्हणजे फरक फक्त प्रक्रियेचा. पेस्टनंतर रक्तातल्या चरबीच्या कणांत लायकोपीनची सर्वांत वरची पातळी अडीच पट गेली, आणि एकूण शोषण 3.8 पट भरलं. माणसं पाचच होती, हेही लक्षात ठेवा. दुसरा प्रयोग 2005 सालचा, ऑस्ट्रेलियातला. तिथे दोन्ही गटांना शिजवलेलंच टमाटर पाच दिवस दिलं, फरक एवढाच की एका गटाचं ऑलिव्ह तेलात शिजवलेलं, दुसऱ्याचं बिनतेलाचं. तेलवाल्यांच्या रक्तात सरळ प्रकारचं लायकोपीन 82 टक्के वाढलं, बिनतेलाच्या गटात ते हललंच नाही म्हणायला हरकत नाही. तुमचं सूप या दुसऱ्या गटात बसतं, वर गाळणी वेगळी.

ऑलिव्ह तेलाचं नाव आलं म्हणून कोणी शहरातून बाटली मागवू नका. इथे काम स्निग्धतेचं आहे. आपल्याकडचं शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, करडईचं तेल हेच काम करतं. जवसाचं तेल मात्र फोडणीला तापवू नका, ते लवकर खराब होतं. ते वरून घ्या.

आता तुमच्या घराचा हिशोब करू. किती तेल पुरतं? एका माणसाच्या एका जेवणात साधारण 3 ते 5 ग्रॅम स्निग्ध पदार्थ असला तरी काम भागतं. म्हणजे पोह्याच्या चमच्याइतकंही नाही, औषधासोबत येणारा 5 मिलिलिटरचा चमचा असतो ना, तो एक. त्यात साडेचार ग्रॅम तेल बसतं. त्याहून जास्त ओतल्याने त्या प्रमाणात फायदा वाढत जात नाही. म्हणून टमाटराच्या निमित्ताने तर्री तरंगवायची गरज नाही.

घरात चार माणसं धरा. अर्धा किलो चांगली लाल टमाटरं घ्या. 100 ग्रॅममध्ये साधारण 3 मिलिग्रॅम लायकोपीन धरलं तर सगळं मिळून 15 मिलिग्रॅम, माणशी पावणेचारच्या आसपास. साल काढू नका. सालात गरापेक्षा कितीतरी जास्त लायकोपीन असतं, आणि तुमच्या गाळणीत सर्वांत आधी तेच अडकतं. दाताखाली येतं म्हणून मिस्टर तक्रार करत असतील तर टमाटरं चिरून कुकरला एक शिट्टी द्या आणि थंड झाल्यावर सालासकट मिक्सरमधून काढा. वीज नसेल तर पाट्यावर. मग गंजात चार छोटे चमचे तेल तापवा, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची घाला. कांदा मऊ झाला की टमाटर आणि मीठ टाकून मंद आचेवर झाकण ठेवा. दहा मिनिटांनी झाकण काढून डावाने घोटा आणि पाणी आटेपर्यंत आणखी पाच-सात मिनिटं परता. वरून चिरलेला हिरवा सांबार. भाकरीसोबत ही चटणी प्रत्येकाच्या ताटात साडेचार ग्रॅम तेल आणि सुटलेलं लायकोपीन दोन्ही घेऊन येते.

झालं की नाही हे ओळखायचं कसं? गर गंजाच्या कडा सोडून मधे गोळा व्हायला लागतो आणि कडेला केशरी तेलाची बारीक रेघ दिसते. तिथे थांबा. तेल दिसत नसेल आणि गर पाणचट असेल तर अजून आटवा. उलट रंग लालचा तपकिरी व्हायला लागला, तळाला करपल्याचा वास आला, तर जास्त झालं, फार तापवल्याने लायकोपीन मोडतं. आणि लाल तिखट घातलेल्या रश्श्याच्या तर्रीवरून अंदाज बांधू नका. तिचा लाल रंग मुख्यतः मिरचीचा असतो, टमाटर दोन फोडी असलं तरी तर्री लालभडकच दिसणार.

तेल डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय, त्याच्या आड हे येत नाही. हे चार चमचे वरचे नाहीत, दिवसाच्या ठरलेल्या तेलातलेच. समजा डॉक्टरांनी माणशी दिवसाला 20 ग्रॅम सांगितलं. चार माणसांचे महिन्याचे 2400 ग्रॅम, म्हणजे साधारण 2.6 लिटर. महिन्याच्या सुरुवातीला एवढं तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवा आणि टमाटर करायचं त्या दिवशी भाजीची फोडणी अर्धी करा. तेल चटणीत गेलं काय आणि भाजीत गेलं काय, हृदयाला हिशोब एकच. जिथे ते कामाला येतं तिथे घाला.

तेल टमाटराच्या भांड्यातच असलं पाहिजे असंही नाही, ते त्याच जेवणात असलं तरी दुसरं काम होतं. तुम्हाला सूपच द्यायचं असेल तर न गाळता, सालासकट घोटून द्या, आणि सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी एक मोठा चमचा वाढा. तुरीच्या वरणात टमाटर शिजवून वरून लसणाची फोडणी दिली तरी चालतं. सकाळी रिकाम्या पोटी सूप आणि तेलाची भाजी दुपारी, असं मात्र जमत नाही. दोन्ही एका वेळी पोटात हवेत.

सासूबाईंचं निम्मं खरं म्हणाले, ते क जीवनसत्त्वाबद्दल. ते उष्णतेने जातं. अमेरिकेत 2002 साली टमाटर 88 अंशांवर तापवून मोजलं, तेव्हा दोन मिनिटांत 10 टक्के आणि अर्ध्या तासात 29 टक्के क जीवनसत्त्व कमी झालं. म्हणजे जातं, पण सारं सत्त्व जात नाही. त्याच प्रयोगात मोकळं होऊन हाती लागणारं लायकोपीन मात्र दुपटीच्या वर गेलं होतं. ज्वारीच्या भाकरीतलं आणि डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, आणि आपल्याकडच्या बायकांच्या हिमोग्लोबिनचे आकडे बघता ते सोडून चालणार नाही. तेव्हा कच्च्या टमाटराची कोशिंबीर ताटात असू द्या. दाण्याचा कूट घातला तर तिच्यातलंही थोडं लायकोपीन मिळेल. पण कोशिंबीर क जीवनसत्त्वासाठी, चटणी लायकोपीनसाठी. सासूबाईंना असं सांगितलं तर वादही होणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. टमाटर कोणतं, हे पहिलं. लायकोपीन पिकताना तयार होतं, आणि तापमान 32 अंशांच्या वर गेलं की ते बनणं जवळजवळ थांबतं. पिवळा-केशरी रंग देणारं कॅरोटीन मात्र बनत राहतं. म्हणून आपल्या उन्हात एप्रिल-मेमध्ये शेतात पिकलेली टमाटरं केशरट दिसतात, पिवळे खांदे राहतात. ती कितीही शिजवली तरी डिसेंबर-जानेवारीच्या लालबुंद टमाटराची बरोबरी करणार नाहीत. हिवाळ्यात बाजारात भाव पडतो तेव्हाच ती भरपूर खाऊन घ्या. वाळवून ठेवायची असतील तर थेट उन्हात पसरू नका, उजेड आणि हवा दोन्ही लायकोपीनचे वैरी आहेत. पातळ काप सावलीत वाऱ्यावर किंवा काळ्या कापडाखाली वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवा. काप तपकिरी पडले तर आंबटपणासाठी वापरा, लायकोपीनची आशा नको.

दुसरं, खाणारा कोण. पित्ताचा मार्ग अडलेला असेल, स्वादुपिंडाचा आजार असेल, चरबी पचत नसेल, तर वरचा हिशोब लागू नाही आणि तेलाचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारायचं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम कमी सांगितलं असेल तर टमाटरावरच बंधन येतं, कच्चं असो की शिजवलेलं. घरात कोणी कॅल्शियमची गोळी घेत असेल तर ती या जेवणासोबत देऊ नका. 500 मिलिग्रॅम कॅल्शियम टमाटर पेस्टसोबत दिल्यावर लायकोपीनचं शोषण खूप घटल्याचं एका छोट्या प्रयोगात दिसलंय. गोळी दुसऱ्या जेवणाला घेतली की झालं.

आणि मिस्टरांबद्दल. लायकोपीनने कोलेस्टेरॉल उतरेल असं मी तुम्हाला सांगणार नाही, तसं ठामपणे म्हणावं इतका पुरावा नाही. ते रोजच्या जेवणातला एक चांगला घटक आहे, गोळीच्या जागी बसणारा नाही. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं असेल तर ते चालू ठेवा. पुढच्या तपासणीला जाताना महिन्याला घरात किती तेल संपतं तो आकडा लिहून न्या. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी फार वाढलेली असेल तर डॉक्टर 20 ग्रॅमचा आकडा आणखी खाली आणतील. मग चटणीत चाराऐवजी तीन चमचे घाला. तेवढ्यातही माणशी 3 ग्रॅमच्या वर पडतं.